जोखीम दोन प्रकारची, मोबदला एकीचाच

७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांचं संचालक मंडळाला लिहिलेलं पत्र बाहेर आलं. ताळेबंदात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक प्रत्यक्षात नाहीच, अशी कबुली त्यात होती. त्या एका दिवसात सत्यमचा शेअर सुमारे ७८ टक्के पडला. सेन्सेक्सही त्या दिवशी सात टक्क्यांहून जास्त खाली आला.

दुसरा दिवस २३ मार्च २०२० चा. कोरोनाच्या भीतीने बाजार उघडताच इतका कोसळला की व्यवहार ४५ मिनिटं थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाल्यावरही विक्री थांबली नाही. दिवसअखेर सेन्सेक्स ३,९३४ अंशांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी खाली होता. या पडझडीला कुठल्या एका कंपनीचा घोटाळा कारणीभूत नव्हता. चांगल्या-वाईट जवळजवळ सगळ्याच कंपन्यांचे शेअर एकत्र पडले.

आता शंभर रुपये वीस शेअरांत सारखे वाटून ठेवणारा गुंतवणूकदार घ्या. २००९ च्या त्या दिवशी त्याचे पाच रुपये सत्यममध्ये असते, तर सत्यमपायी त्याचे चार रुपयेही गेले नसते. सगळे पैसे सत्यममध्येच असणाऱ्याचे मात्र अठ्ठ्याहत्तर गेले. २०२० च्या त्या दिवशी वीस शेअर असोत की दोनशे, शंभरातले तेराच्या आसपास रुपये गेलेच. पहिली जोखीम पैसे वाटून ठेवल्याने उतरते, दुसरी उतरत नाही. बीटा हा दुसऱ्या जोखमीचं माप आहे आणि कॅपिटल असेट प्रायसिंग मॉडेल ही त्या मापावर उभी राहिलेली कल्पना आहे. तिचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं: जी जोखीम तुम्हाला टाळता आली असती, तिचा मोबदला बाजार देत नाही.

वाटून ठेवल्याने जोखीम किती उतरते?

समजा, प्रत्येक शेअरच्या वार्षिक परताव्याचे चढउतार ४० टक्क्यांचे आहेत. म्हणजे एखाद्या वर्षीचा परतावा सरासरीपेक्षा ४० टक्क्यांनी वर किंवा खाली जाणं हे त्या शेअरच्या बाबतीत नेहमीचंच आहे. शेअरांचा आपसातला संबंधही हवा. दोन शेअर कायम बरोबर हलत असतील, तर तो संबंध १ धरतात आणि एकाचा दुसऱ्याशी काहीच मेळ नसेल, तर ०. आपल्या उदाहरणात कुठल्याही दोन शेअरांमधला संबंध ०.२५ धरू.

एकच शेअर असेल, तर चढउतार ४० टक्के. पैसे दोन शेअरांत वाटले की ते ३१.६ वर येतात, पाच शेअरांत २५.३ वर आणि दहांत २२.८ वर. वीस शेअर घेतले तर २१.४ आणि शंभर घेतले तर २०.३. म्हणजे पहिल्या दहा शेअरांतच बराचसा फायदा पदरात पडतो. पुढे मात्र कितीही शेअर घेतले तरी आकडा २० च्या खाली जात नाही.

तो २० वर का अडतो, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. संपूर्ण गुंतवणुकीचे चढउतार मोजताना प्रत्येक शेअरचे स्वतःचे चढउतार मोजावे लागतात आणि प्रत्येक जोडीचं एकमेकांबरोबर हलणंही मोजावं लागतं. शेअर दोन असतील, तर या बेरजेत स्वतःच्या दोन आणि जोडीच्या दोन अशा नोंदी येतात. शेअर पन्नास असतील, तर स्वतःच्या नोंदी पन्नास आणि जोड्यांच्या २,४५०. प्रत्येक नोंदीचं वजन सारखंच असतं, त्यामुळे शेअर वाढत जातात तशा स्वतःच्या नोंदी गर्दीत हरवतात. मागे उरतं ते फक्त एकमेकांबरोबर हलणं, आणि ते कितीही वाटलं तरी शून्यावर येत नाही.

हा हिशेब हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये मांडला. शिकागो विद्यापीठातला हा संशोधक तेव्हा पंचविशीच्याही आत होता. पैसे एका ठिकाणी ठेवू नयेत हे शहाणपण जुनंच होतं. मार्कोविट्झ यांनी दाखवून दिलं ते असं की शेअर किती आहेत यापेक्षा ते एकमेकांबरोबर किती हलतात, यावर जोखीम ठरते.

आपल्याकडे नेमकं हेच निसटतं. एखाद्याकडे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन लार्ज कॅप फंड असतात आणि आपली गुंतवणूक चांगली विभागलेली आहे, अशी त्याची खात्री असते. पण सेबीच्या नियमानुसार लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्याने पहिल्या शंभर कंपन्यांमध्येच ठेवावे लागतात. त्यामुळे तिन्ही फंडांच्या यादीत वरची नावं बहुतेक तीच असतात आणि त्यांत मोठ्या बँका ठळक असतात. फंड तीन असले तरी जोखीम जवळपास एकाच फंडाची आहे. महिन्याच्या फॅक्टशीटमधले पहिले दहा शेअर शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, की हे लगेच लक्षात येतं.

बीटा कसा काढतात

मार्कोविट्झ यांच्या हिशेबात एक अडचण होती. पन्नास शेअरांसाठी १,२२५ जोड्यांचे संबंध काढावे लागत, आणि त्या काळच्या संगणकांवर हे काम अवघड आणि महागडं होतं. विल्यम शार्प यांनी त्यावर तोड काढली. प्रत्येक शेअर दुसऱ्या प्रत्येक शेअरबरोबर किती हलतो हे पाहण्याऐवजी तो एकूण बाजाराबरोबर किती हलतो, एवढंच पाहायचं. मग १,२२५ आकड्यांऐवजी पन्नास आकड्यांत काम भागतं. तो आकडा म्हणजे बीटा.

दोन काल्पनिक शेअर घेऊन हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. ‘क’ ही बँक आहे. ‘ख’ ही औषधं निर्यात करणारी कंपनी आहे. पाच महिन्यांचा परतावा टक्क्यांत असा:

| महिना | बाजार | क | ख |
|---|---|---|---|
| पहिला | +४ | +७ | +६ |
| दुसरा | −२ | −५ | +५ |
| तिसरा | +१ | +३ | −११ |
| चौथा | −३ | −४ | −१ |
| पाचवा | +५ | +४ | +६ |

तिन्ही रकान्यांची सरासरी १ टक्का आहे. आता प्रत्येक आकड्यातून ती सरासरी वजा करायची. बाजाराचे फरक येतात ३, −३, ०, −४ आणि ४. ‘क’ चे येतात ६, −६, २, −५ आणि ३. प्रत्येक महिन्याचा बाजाराचा फरक आणि ‘क’ चा फरक यांचा गुणाकार करून बेरीज केली, की १८ + १८ + ० + २० + १२, म्हणजे ६८. बाजाराच्या फरकांचे वर्ग करून बेरीज केली, की ५०. ६८ भागिले ५० म्हणजे १.३६. हा ‘क’ चा बीटा. बाजार एक टक्का हलला तर ‘क’ त्याच दिशेने सरासरी १.३६ टक्के हलतो, असा त्याचा अर्थ.

‘ख’ चा हिशेब याच रीतीने केला तर गुणाकारांची बेरीज ३१ येते आणि बीटा ०.६२. इथे जरा थांबून तक्ता पुन्हा पाहावा. तिसऱ्या महिन्यात ‘ख’ ११ टक्के कोसळला आहे. समजा, त्या महिन्यात अमेरिकी औषध प्रशासनाने त्याच्या कारखान्यावर ताशेरे ओढले. एकट्याने पाहिलं तर ‘ख’ हा ‘क’ पेक्षा जास्त उड्या मारणारा शेअर आहे. ‘ख’ च्या फरकांच्या वर्गांची बेरीज २१४ भरते, ‘क’ ची ११०. तरीही ‘ख’ चा बीटा ‘क’ च्या निम्म्याहूनही कमी आहे, कारण ‘ख’ उसळतो आणि पडतो तो बहुतांशी स्वतःच्या कारणांनी.

याचंही माप आहे. शेअरच्या चढउतारांपैकी किती भाग बाजारामुळे आहे, हे आर-स्क्वेअर हा आकडा सांगतो. ‘क’ चा तो ८४ टक्के येतो आणि ‘ख’ चा अवघा ९ टक्के. ‘ख’ चे उरलेले ९१ टक्के चढउतार त्याचे एकट्याचे आहेत, आणि भरपूर शेअरांत पैसे वाटणाऱ्याच्या दृष्टीने हाच भाग गर्दीत हरवणार असतो. म्हणून ज्याच्याकडे फक्त ‘ख’ आहे त्याच्यासाठी ‘ख’ धोक्याचा, आणि ज्याच्याकडे चाळीस शेअर आहेत त्याच्यासाठी तोच ‘ख’ जोखीम कमी करणारा.

घरच्या संगणकावर हे करायला फार खटपट लागत नाही. पाच वर्षांचे महिनाअखेरचे भाव घेऊन त्यांतून मासिक परतावे काढावेत. बी रकान्यात निर्देशांकाचे आणि सी रकान्यात शेअरचे परतावे ठेवून ही दोन सूत्रं लिहावीत:

```
=SLOPE(C2:C61,B2:B61)
=RSQ(C2:C61,B2:B61)
```

पहिलं सूत्र बीटा देतं आणि दुसरं आर-स्क्वेअर.

भाव कसा ठरतो

इथवर बीटा हे निव्वळ एक माप होतं. शार्प यांनी १९६४ मध्ये त्याचा थेट भावाशी संबंध जोडला. जॅक ट्रेनर, जॉन लिंटनर आणि यान मॉसिन हेही त्याच काळात स्वतंत्रपणे याच निष्कर्षावर पोहोचले होते. पुढे १९९० मध्ये मार्कोविट्झ आणि शार्प यांना मर्टन मिलर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

युक्तिवाद असा आहे. समजा, सरकारी रोख्यावर बिनधोक ७ टक्के मिळतात आणि बाजाराकडून १२ टक्क्यांची अपेक्षा आहे. म्हणजे बाजाराची जोखीम पत्करण्याचा मोबदला ५ टक्के. आता ‘ख’ कडून किती परताव्याची अपेक्षा ठेवावी? त्याचा बीटा ०.६२ आहे. तेवढाच बीटा दुसऱ्या मार्गानेही मिळवता येतो. शंभर रुपयांपैकी ६२ रुपये निर्देशांक फंडात आणि ३८ रुपये सरकारी रोख्यात ठेवायचे. वर्षाअखेर ६२ चे ६९.४४ होतील आणि ३८ चे ४०.६६. एकूण ११०.१०, म्हणजे परतावा १०.१ टक्के. बाजाराची तेवढीच जोखीम घेऊन हे सहज मिळत असेल, तर ‘ख’ कडूनही एवढीच अपेक्षा रास्त ठरते.

‘क’ साठी हीच रीत उलट दिशेने चालते. शंभर रुपये आपले आणि ३६ रुपये ७ टक्क्यांनी कर्जाऊ, असे १३६ रुपये निर्देशांकात टाकले की बीटा १.३६ होतो. १३६ चे १५२.३२ झाले, त्यातून कर्जफेडीचे ३८.५२ वजा केले, की हातात ११३.८० उरतात. म्हणून ‘क’ कडून अपेक्षा १३.८ टक्क्यांची. सूत्रात मांडायचं तर बिनधोक दर, अधिक बीटा गुणिले बाजाराचा जादा मोबदला. या सूत्रात ‘ख’ च्या त्या ११ टक्क्यांच्या पडझडीला कुठेही जागा नाही.

हे अन्यायाचं वाटू शकतं. इतका बेभरवशाचा शेअर बाळगणाऱ्याला जास्त परतावा का मिळू नये? उत्तर भावात आहे. समजा, वर्षभरानंतर ‘ख’ ची अपेक्षित किंमत ११०.१० रुपये आहे आणि लाभांश नाही. लोक त्याला बिचकून आज ९५ रुपयेच द्यायला तयार आहेत. म्हणजे त्या भावाला घेणाऱ्याला जवळपास १६ टक्के मिळणार. ज्याच्याकडे शेकडो शेअर आहेत अशा मोठ्या फंडाला ‘ख’ च्या एकट्याच्या उड्यांची फिकीर नाही. बीटाच्या मानाने १०.१ टक्के पुरेसे असताना त्याला १६ मिळत आहेत, म्हणून तो खरेदी करत राहतो. या खरेदीने भाव ९६, ९८ असा चढत जातो आणि १०० ला पोहोचला की जादा परतावा संपतो. भाव ठरवतो तो पैसे वाटून ठेवणारा मोठा खरेदीदार. एकाच शेअरमध्ये सगळं गुंतवणाऱ्याला त्याच भावाला घ्यावं लागतं. परतावा त्याला तेवढाच मिळतो, जोखीम मात्र कितीतरी जास्त.

आकडा कुठे फसवतो

तयार बीटा अनेक ठिकाणी मिळतो, पण तो तपासल्याशिवाय वापरू नये. सगळ्यात मोठा धोका क्वचित व्यवहार होणाऱ्या छोट्या शेअरांचा असतो. सोमवारी बाजार तीन टक्के पडला, पण त्या शेअरमध्ये दिवसभर सौदेच झाले नाहीत किंवा तो लोअर सर्किटला अडकला, तर उरलेली पडझड मंगळवारी-बुधवारी दिसते. रोजच्या भावांवरून हिशेब केला की वाटतं, हा शेअर बाजाराबरोबर फारसा हलतच नाही. बीटा ०.४ येतो आणि शेअर सुरक्षित भासतो. ओळखायची खूण सोपी आहे. हाच बीटा आठवड्याच्या आणि मग महिन्याच्या परताव्यांवरून काढावा. तो पायरीपायरीने वाढत गेला, तर रोजचा आकडा खोटा होता.

दुसरी चूक बोनस आणि शेअर विभाजनाची. एकास एक बोनस दिला की भाव निम्मा होतो आणि कच्च्या आकड्यांत तो महिना उणे ५० टक्के दिसतो, प्रत्यक्षात कुणाचंच नुकसान झालेलं नसतं. असा एक महिना साठ महिन्यांचा बीटा बिघडवायला पुरतो. म्हणून बोनस-विभाजनाप्रमाणे सुधारलेलेच भाव घ्यावेत.

तिसरी गोष्ट अशी की बीटा भूतकाळातून येतो आणि कंपनी बदलत असते. कंपनीने मोठं कर्ज काढलं की तिच्या शेअरचा बीटा वाढतो, कारण व्याज ठरलेलं असतं आणि नफ्यातला सगळा चढउतार भागधारकांवर येतो. मार्शल ब्लूम यांनी १९७१ मध्ये दाखवलं की फार मोठे आणि फार छोटे बीटा पुढच्या काळात १ च्या दिशेने सरकतात. म्हणून अनेक विश्लेषक दोन-तृतीयांश वजन काढलेल्या बीटाला आणि एक-तृतीयांश १ ला देतात. मग ‘क’ चा १.३६ हा १.२४ होतो. आपला हिशेब तर फक्त पाच महिन्यांचा होता. रीत समजण्यापुरता तो ठीक आहे, निर्णयासाठी अजिबात नाही.

आणि बीटा घोटाळा ओळखत नाही. ताळेबंद खोटा आहे की खरा, हे त्यात कुठेही उमटत नाही.

कल्पना बाजारात टिकली का?

अर्धीच. १९७२ मध्ये फिशर ब्लॅक, मायकेल जेन्सन आणि मायरन शोल्स यांनी अमेरिकी बाजाराचे अनेक दशकांचे आकडे तपासले. जास्त बीटाच्या शेअरांनी जास्त परतावा दिला होता, पण सूत्र सांगतं तेवढा नाही. कमी बीटाच्या शेअरांनी अपेक्षेहून बरी कामगिरी केली होती. याचं एक कारण आपल्याच उदाहरणात आहे. सूत्र असं धरून चालतं की कुणीही ७ टक्क्यांनी कर्ज काढून निर्देशांकात टाकू शकतो. सामान्य माणसाला त्या दराने कर्ज मिळत नाही आणि अनेक फंडांना कर्ज काढायची मुभाच नसते. ज्यांना जास्त जोखीम हवी असते ते मग जास्त बीटाचे शेअरच विकत घेतात, त्यांचे भाव चढतात आणि पुढचा परतावा घटतो.

पुढे १९९२ मध्ये युजीन फामा आणि केनेथ फ्रेंच यांनी दाखवलं की कंपनीचा आकार आणि पुस्तकी मूल्याच्या तुलनेत बाजारभाव या गोष्टी परताव्यातला फरक बीटापेक्षा चांगला समजावतात. आणि रिचर्ड रोल यांनी १९७७ मध्येच मूळ अडचण सांगितली होती. सिद्धांतातला ‘बाजार’ म्हणजे शेअर, रोखे, जमीन, सोनं, माणसाची कमाईची क्षमता, सगळं काही. सेन्सेक्स किंवा निफ्टी हा त्याचा लहानसा तुकडा आहे, त्यामुळे सिद्धांताची पूर्ण कसोटी घेताच येत नाही.

म्हणून १३.८ किंवा १०.१ हे आकडे भाकीत म्हणून वाचू नयेत. शेअरकडून किमान किती मागावं, याचा तो अंदाज आहे. फंड मॅनेजरची परीक्षा घ्यायला मात्र तो चांगला कामाला येतो. बाजार १२ टक्के वाढला त्या वर्षी १.३ बीटाच्या फंडाने १३ टक्के दिले, तर त्याने बाजाराला हरवलं असं जाहिरात म्हणेल. बिनधोक दर ७ धरला तर त्या जोखमीला १३.५ टक्के यायला हवे होते. हा फंड मागे पडला आहे.

कल्पनेचा पहिला अर्धा भाग मात्र या सगळ्या टीकेतून शाबूत राहिला आहे. एकाच कंपनीची जोखीम उचलल्याबद्दल बाजार वेगळं काही देत नाही. ज्यांना पगारही त्याच कंपनीकडून मिळतो आणि बचतीचा मोठा हिस्साही कर्मचारी योजनेतून मिळालेल्या तिच्याच शेअरमध्ये आहे, त्यांनी हे सर्वात आधी लक्षात घ्यायला हवं. कंपनी अडचणीत आली तर नोकरी आणि पुंजी एकाच आठवड्यात जाऊ शकते, आणि हा धोका इतकी वर्षं पत्करल्याबद्दल त्यांच्या खात्यात एक रुपयाही जास्त जमा झालेला नसतो. शेअर विकण्याची मुदत खुली झाली की त्यातला मोठा भाग विकावा, कर भरावा आणि उरलेले पैसे निर्देशांक फंडात आणि रोख्यांत वाटावेत. बाजार पडला की तोटा तेव्हाही होईल, पण ती जोखीम निदान मोबदला मिळणारी असेल.